खणाचा पुढचा कोपरा

जुनं टेबल विकत घ्यायचं असेल तर वरचं पॉलिश बघत बसू नये. खण पूर्ण बाहेर ओढावा, उजेडात धरावा आणि पुढचा कोपरा बघावा. समोरून काहीच दिसत नाही, नुसती सपाट फळी. बाजूने मात्र लाकडात लाकूड गुंतलेलं दिसतं: बाजूच्या फळीच्या टोकाला पसरट होत गेलेल्या शेपट्या, आणि त्या शेपट्यांच्या मधे पुढच्या फळीचे दात. हा डव्हटेल. त्यातला हा प्रकार समोरून झाकलेला, म्हणजे शेपट्या पुढच्या फळीत शिरतात पण आरपार जात नाहीत. पुढे पाचसहा मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं आणि सगळं गुपित त्याच्यामागे असतं.

पोर्तुगीज काळात गोव्यात घडलेली कोंतादोर नावाची कपाटं या खणांचीच असत. सागवानावर शिसवी आणि हस्तिदंताचं जडावकाम, आणि दर्शनी भागात ओळीने छोटे छोटे खण. लोक नक्षी बघतात. मला मात्र प्रत्येक वेळी एखादा खण ओढून बघायचा मोह होतो, आणि संग्रहालयात तो आवरावा लागतो.

मी हे काम शिकले माशेलच्या एका मेस्तांकडे. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. शिकताना माझ्या हातात सारखी पट्टी असायची, आणि एकदा ते म्हणाले, "बाये, आंकडे सोंपले. आतां कुडको पळय." आकडे संपले, आता तुकड्याकडे बघ. डव्हटेलबद्दल ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांपैकी हा एकच मला रोज उपयोगी पडतो. या सांध्यात मोजमाप फार थोडा वेळ चालतं. त्यानंतर एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून उतरवायचा असतो. कुठपर्यंत मोजायचं आणि कुठून पुढे उतरवायचं, ते ज्याला कळलं त्याचा सांधा बसतो.

एक खरा खण घेऊ. उंची ९० मिलिमीटर. पुढची फळी सागवानाची, २० मिलिमीटर जाडीची, एका पडक्या घराच्या दारातून निघालेली. बाजूच्या फळ्याही सागवानाच्याच, १२ मिलिमीटरच्या. जुनं सागवान घेतलं तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधावेत, कारण पटाशीची धार खिळ्यावर गेली की अर्धा दिवस दगडावर जातो.

शेपट्या बाजूच्या फळीवर आणि दात पुढच्या फळीवर, हे उलट करून चालत नाही. खण ओढताना जोर पुढच्या फळीवर येतो आणि ती बाजूंपासून सुटू पाहते. शेपट्या टोकाकडे रुंद असल्यामुळे त्या दिशेने निसटू शकत नाहीत. गोंद वाळून पावडर झाला तरी खण हातात येत नाही, तो यामुळेच.

पुढच्या फळीचं २० मिलिमीटरपैकी ६ झाकण म्हणून ठेवलं, तर शेपटीची लांबी उरते १४. मार्किंग गेज १४ वर लावायचा आणि एकाच मापाने दोन ठिकाणी रेघ मारायची: बाजूच्या फळीच्या टोकापासून, दोन्ही अंगांवर आणि दोन्ही कडांवर, आणि पुढच्या फळीच्या तोंडावर, म्हणजे तिच्या टोकाच्या कापावर, आतल्या अंगापासून. मधे गेज हलवायचा नाही. तो आकडा १४ आहे की साडेतेरा, याला महत्त्व नाही. दोन्हीकडे तोच असण्याला आहे.

दुसरं माप बाजूच्या फळीच्या जाडीचं, कारण पुढच्या फळीत शेपटी जिथे शिरते ते घर तेवढं खोल लागतं. इथे फळीच गेजला लावून माप घ्यायचं आणि मग गेज किंचित, अगदी केसभर, कमी करायचा. पुढची फळी आधीच कपाटाच्या तोंडात नेमकी बसवलेली असते, तिला नंतर तासायचं नसतं. घर केसभर उथळ ठेवलं की बाजूची फळी तेवढीच बाहेर राहते, आणि शेवटी रंध्याचे दोन हात मारले की ती पुढच्या फळीच्या टोकाशी येऊन मिळते. ही रेघ पुढच्या फळीच्या आतल्या अंगावर, टोकापासून मारायची.

गेजची रेघ हलक्या हाताने मारावी, पण तंतू कापले गेले पाहिजेत. पेन्सिलची रेघ नुसती दिसते. सुरीची रेघ म्हणजे एक बारीक चर असते आणि शेवटी पटाशीची धार त्यात आपोआप जाऊन बसते.

आता शेपट्यांची आखणी. ९० मिलिमीटरमध्ये तीन शेपट्या छान बसतात. फळीच्या टोकावर दोन्ही कडांना ६ मिलिमीटर सोडले, प्रत्येक शेपटी २२ ची, आणि मधल्या दोन फटी ६ च्या. उतार १ला ७. कागदावर सात सेंटीमीटर उभी आणि एक सेंटीमीटर आडवी रेघ काढून तिरका गुण्या त्यावर लावला की झालं. १४ मिलिमीटर लांबीवर प्रत्येक बाजू २ मिलिमीटर आत येते, म्हणून मुळाशी शेपटी १८ ची उरते आणि फट १० ची होते. मऊ लाकडाला १ला ६ आणि कठीण लाकडाला १ला ८ अशी जुनी रीत आहे. सागवान या दोन्हींच्या मधे बसतं. उतार फार वाढवला तर शेपटीच्या टोकाच्या कोपऱ्यांत तंतू आखूड पडतात आणि बसवतानाच ते कोपरे तुटतात. फार कमी केला तर शेपटी धरत नाही.

एक गोष्ट आखतानाच बघून ठेवावी लागते. तळाची फळी ज्या खोबणीत सरकते, ती खोबण खालच्या शेपटीच्या हद्दीत आली पाहिजे. इथे खोबण ५ मिलिमीटर रुंद आहे आणि खालच्या कडेपासून १० वर सुरू होते. म्हणजे १० ते १५. खालची शेपटी टोकाला ६ ते २८, मुळाशी ८ ते २६. खोबण बरोबर तिच्या पोटात गेली आणि सांधा बसल्यावर झाकली गेली. ती दाताच्या जागी आली असती, तर खणाच्या बाजूला चौकोनी भोक कायमचं दिसत राहिलं असतं. असं भोक लाकडाच्या बारीक तुकड्याने बुजवलेले खण मी जुन्या बाजारात पाहिलेत.

दोन्ही बाजूच्या फळ्या पाठीला पाठ लावून एकत्र धराव्यात आणि एकदमच कापाव्यात. वेळ वाचतो हा भाग आहेच, पण फळीची जाडी दुप्पट झाल्याने करवत सरळ जाते की नाही ते चटकन दिसतं. इथे दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात आणि त्यांची किंमत सारखी नाही. शेपटीचा उतार एखादा अंश कमीजास्त झाला, तर काही बिघडत नाही, कारण पुढचे दात या शेपट्यांवरूनच उतरवायचे आहेत. करवत फळीच्या जाडीत तिरकी गेली, म्हणजे टोकावरची चीर काटकोनात राहिली नाही, तर ते मात्र भोवतं. शेपटी एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद होते, आणि आपण उतरवतो ती एकाच अंगावरून. म्हणून गुण्याने टोकावर आडवी रेघ मारायची आणि करवत आधी त्या रेघेत बसवायची. उताराकडे नंतर बघायचं. बारीक दातांची, पाठीला पट्टी असलेली करवत घ्यावी. पहिले काही हात वजन न देता, करवत जवळजवळ उचलून धरून. नंतर तिच्या वजनानेच जाऊ द्यावी आणि गेजच्या रेघेवर थांबावं.

फटींमधलं लाकूड काढताना नवशिक्याच्या पटाशीने होतं ते असं. पटाशी थेट गेजच्या रेघेत ठेवून मोगरी हाणली, तर धार रेघेच्या मागे सरकते. पटाशीला एकाच बाजूने उतार असतो. ती लाकडात घुसते तेव्हा उतारापुढचं लाकूड तिला मागे ढकलतं, आणि मागे तर आपल्या कामाचं लाकूड आहे. सांधा जुळल्यावर मुळाशी दिसणारी काळी फट बहुतेक वेळा इथून आलेली असते. म्हणून सुरुवात रेघेपासून मिलिमीटरभर अलीकडे करायची. एक टोला खाली, मग टोकाकडून पटाशी आडवी घालून एक पापुद्रा उचलायचा. पुन्हा खाली, पुन्हा पापुद्रा. अर्ध्या जाडीपर्यंत आलं की फळी उलटवून दुसऱ्या अंगाने तेच. आरपार एकाच अंगाने गेलं तर पलीकडचे तंतू फाटून निघतात.

उरलेला मिलिमीटर तासून काढायचा, आणि इथे मोगरी बाजूला ठेवायची. धार गेजच्या चरात ठेवली की ती तिथे अडकल्याचं बोटांना कळतं. पटाशी उभी, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पात्याला लावलेली, उजवा तळवा मुठीवर, आणि जोर खांद्यातून, अंगाचं वजन टाकून. दोन्ही हात धारेच्या मागे असले पाहिजेत, हे लिहायला नको पण लिहिते. धार चांगली असेल तर तंतूंच्या कापलेल्या टोकांवरूनही अखंड पापुद्रा निघतो आणि मागे राहिलेला पृष्ठभाग गडद, गुळगुळीत दिसतो. धार गेली असेल तर भुकटी पडते आणि पृष्ठभाग पांढरट, खरबरीत होतो. सागवानात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे धार लवकर जाते. चार फटी झाल्या की मी न बघताच दगडाकडे वळते.

मुळाचा हा पृष्ठभाग दोन्ही अंगांकडून मध्याकडे किंचित खोलगट ठेवावा. मधे फुगवटा राहिला तर शेपटी पूर्ण खाली बसत नाही आणि कुठे अडतंय ते बाहेरून कळत नाही. छोट्या गुण्याचं पातं फटीतून फिरवलं की फुगवटा लगेच सापडतो. मधलं हे लाकूड काही धरत नाही, तंतूंच्या टोकांवर गोंद तसाही कमी चिकटतो, त्यामुळे तिथे कमी असलेलं बरं. बाहेरच्या रेघा तेवढ्या अचूक हव्यात.

आता उतरवणं. पुढची फळी व्हाइसमध्ये उभी, तोंड वर. बाजूची फळी आडवी, शेपट्या त्या तोंडावर टेकलेल्या, मागचा भाग तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. तीन गोष्टी एकदम जुळल्या पाहिजेत. शेपट्यांची मुळं पुढच्या फळीच्या आतल्या कडेशी, शेपट्यांची टोकं तोंडावरच्या १४ च्या रेघेशी, आणि दोन्ही फळ्यांच्या खालच्या कडा एका पातळीत. शेवटचं अंगठ्याने चाचपून बघायचं, डोळ्याने नाही. मग वरून हाताने किंवा क्लॅम्पने दाबून धरायचं. मोजपट्टी खिशात. सुरीची सपाट बाजू शेपटीला चिकटवून, पहिला हात अगदी हलका. जोर दिला तर सुरी सागाच्या तंतूंमागे भरकटते किंवा शेपटीचाच पापुद्रा काढते. दुसरा हात थोडा जास्त. फळी उचलायच्या आधी प्रत्येक शेपटीच्या दोन्ही बाजूंची रेघ झाली का ते बघून घ्यावं, कारण एकदा उचललेली फळी पुन्हा नेमकी तिथेच बसत नाही.

जुन्या सागवानाच्या तोंडावर सुरीची रेघ दिसता दिसत नाही. मेस्त त्यावर आधी खडू घासतात. पांढऱ्यावर सुरी फिरली की रेघ काळी उठते. तिरपा उजेड घेतला तर आणखी बरं. मी मोबाइलचा दिवा फळीच्या पातळीत आडवा ठेवते. रेघा झाल्या की जे लाकूड जायचं आहे त्यावर पेन्सिलने फुली. ही फुली मारल्याशिवाय करवत उचलायची नाही.

दात कापताना करवत फुलीच्या बाजूने जाते आणि रेघेची अर्धी जाडी मागे ठेवते. पुढचं झाकण शाबूत ठेवायचं असल्याने करवत तिरकीच चालवता येते: आतल्या कडेवरून सुरू होऊन एका बाजूला तोंडावरच्या १४ च्या रेघेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला घराच्या रेघेपर्यंत. म्हणजे दाताच्या प्रत्येक बाजूचा, त्याच्या गालाचा, अर्धा त्रिकोणच कापला जातो. उरलेला अर्धा पटाशीचा.

या घरांमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो. आतल्या अंगावर, रेघेच्या मिलिमीटरभर अलीकडे पटाशी उभी ठेवून एक टोला. मग तोंडाकडून, तंतूंच्या दिशेने, पटाशी आडवी घालून पापुद्रा. सागवान तंतूंच्या दिशेने सहज सुटतं, म्हणून आधी फळीच्या कडेवर बघून घ्यावं की रेषा कुठे चालल्या आहेत. त्या पुढच्या अंगाकडे वळत असतील तर जाड पापुद्रा घेतल्यावर चीर झाकणात शिरते. अशा फळीत दोन मिलिमीटरहून जाड पापुद्रा मी घेत नाही. झाकणावर पटाशी टेकवून उचक मारायची नाही. सहा मिलिमीटर लाकूड आहे. समोरच्या सपाट फळीवर फुगवटा आला तर तो लपवायची कुठलीही युक्ती नाही.

घराचे आतले कोपरे काटकोनापेक्षा लहान असतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या पटाशीच्या कडा जाड असतात. धार कोपऱ्यात पोचायच्या आधी कड दाताच्या गालाला लागते आणि त्यावर वळ उठतो. कडा उतरत्या असलेली पटाशी हवी. मेस्तांनी आपली ६ मिलिमीटरची पटाशी दोन्ही कडांना घासून धारेपाशी जवळजवळ सुरीसारखी पातळ केली आहे. ती ते कोणाला देत नाहीत.

कोपरे साफ झाले की गाल तासायचे. पटाशीची सपाट पाठ गालावर टेकवून तोंडाकडून खाली, सुरीच्या रेघेपर्यंत. पाठच इथे पट्टीचं काम करते. करवतीने कापलेल्या अर्ध्या भागाच्या पातळीत उरलेला अर्धा आणायचा, म्हणजे गाल आपोआप सरळ होतो. ही तासणी दातांवरच. शेपट्यांना आता हात लावायचा नाही. त्यांच्यावरून रेघा उतरवल्या आहेत. दोन्हीकडे काढत गेलं तर कुठलं खरं माप आणि कुठलं खोटं ते कळेनासं होतं.

बसवून बघताना शेपट्यांच्या बाजूंवर मऊ पेन्सिल घासावी, तिसऱ्या हिश्शापर्यंत दाबावी आणि परत काढावी. दाताच्या गालावर जिथे काळा डाग उठला, तिथे घट्ट आहे. तेवढाच भाग, एक पापुद्रा. मधले दात थोडे घट्ट असलेले चालतात. कडेचे अर्धे दात घट्ट असले तर धोका मोठा, कारण त्यांच्या बाहेर धरून ठेवायला काही नसतं. शेपटी पाचरीसारखी आत शिरते आणि फळीचा कोपरा रेषेने चिरतो. पूर्ण बसवून पुन्हा पुन्हा काढूही नये. दर वेळी तंतू दबतात आणि सांधा ढिला होत जातो. शेपट्यांच्या आतल्या धारा पटाशीने नावापुरत्या मोडल्या की शिरायला सोपं जातं. बसल्यावर ते दिसत नाही. मोगरीचा आवाज ऐकत राहावं. शेपटी जात असते तोवर पोकळ आवाज येतो, तळाला टेकली की एकदम भरीव. त्यानंतर मारलेला प्रत्येक टोला झाकणावर बसतो.

सागवान तेलकट असतं, म्हणून तासलेले पृष्ठभाग ताजे असतानाच फेव्हिकॉल लावावा. आठवडाभर ठेवलेल्या सांध्यावर तो नीट धरत नाही. गोंद लावल्यावर दोन्ही कर्ण मोजून खण काटकोनात आहे का ते बघावं. पट्टी आता परत बाहेर येते.

राहिला गोव्याचा पाऊस. खणाच्या चारही फळ्यांच्या रेषा आडव्या धावतात, त्यामुळे दमट हवेत फळ्या उंचीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाहीच. शेपट्या आणि दात एकाच दिशेने, एकत्रच वाढतात, म्हणून सांध्यावर ताण येत नाही. ताण येतो तो कपाटाच्या चौकटीवर. सागवानात ओलाव्याचा प्रत्येक टक्का वाढला की चपट्या चिरलेल्या फळीची रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते. उन्हाळा ते आषाढ यांत लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी चढला, तर ९० मिलिमीटरचा खण जवळजवळ ०.९ मिलिमीटर उंच होतो. फळी गाभ्यातून उभी चिरलेली असेल तर याच्या साधारण निम्मा. म्हणून मे महिन्यात बसवलेल्या खणावर वर सव्वा मिलिमीटर मोकळं सोडावं, आणि जुलैत बसवलेल्यावर पाव मिलिमीटर पुरे. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण सुंदर दिसतो. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं आणि गणपतीच्या आधी फोन करतं.

असा अडकलेला खण आला तर पावसातच तासायला घेऊ नये. किती फुगलाय त्याची खूण करावी, कोरड्या दिवसांपर्यंत थांबावं आणि मग वरच्या कडेवर रंधा धरावा, पुढच्या कोपऱ्याकडून मागे. उलट दिशेने रंधा मारला तर वरच्या अर्ध्या दाताचं टोक फाटून येतं.